घड्याळ म्हणतं ‘फोन जोडलेला नाही’: तुटलं कधी, त्यापेक्षा परत कसं जोडलं गेलं ते बघा

माझं अमळनेरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मे महिन्यात जवळच्या गावचे एक नाना आले, मनगटावरचं स्मार्टवॉच काढून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, “मना फोन खिसामा शे, तरीबी घडी म्हने फोन नही.” नानांना ऐकू कमी येतं. मुलगी पुण्याला असते. तिचा फोन आला की रिंग त्यांना ऐकू जात नाही, मनगटावरची थरथर मात्र कळते. घड्याळ त्यासाठीच घेतलेलं. ते दिवसातून चार-पाच वेळा फोनपासून तुटत होतं आणि तेवढ्या वेळात आलेले मुलीचे फोन चुकत होते.

माझ्याआधी दोन जणांनी ते घड्याळ रिसेट करून नव्याने पेअर करून दिलं होतं. दोन्ही वेळा एक दिवस बरं चाललं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे वारंवार बघायला मिळतं. घड्याळ तुटतंय म्हटलं की लोक थेट रिसेटकडे जातात, त्यात घड्याळातली साठलेली माहिती जाते आणि मूळ कारण जिथल्या तिथे राहतं. नानांना मी काहीही न बदलता घड्याळ परत दिलं आणि दोन दिवस एका वहीत टिपून ठेवायला सांगितलं. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. हा लेख अँड्रॉइड फोन आणि त्यावरच्या ॲपमधून जोडलं जाणारं घड्याळ धरून लिहिला आहे. आयफोनचं जे वेगळं आहे, ते पुढे एका ठिकाणी सांगतो.

दोन दिवसांची टिपणी

घड्याळाने ‘डिस्कनेक्ट’ दाखवलं की प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहायच्या: वेळ, घड्याळ कुठे होतं, फोन कुठे होता आणि जोडणी परत कशी आली. यातली चौथी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक सांगत नाहीत. म्हणून तुटल्याबरोबर फोन हातात घेऊन ॲप उघडायचं नाही. आधी फोनजवळ जाऊन दोन-तीन मिनिटं नुसतं थांबायचं. तेवढ्यात आपोआप जोडलं गेलं तर तसं लिहायचं. नाहीच जोडलं गेलं तर फोनचं लॉक उघडायचं आणि पुन्हा थोडं थांबायचं. तरीही नाही, तर ॲप उघडायचं. कोणत्या पायरीवर जोडणी आली, त्यावरून कारण कळतं.

जवळ गेल्यावर आपोआप आली, तर अडचण अंतराची किंवा मधल्या आडोशाची आहे. फोनचं लॉक उघडल्यावर आली, तर फोन रिस्टार्ट झालेला होता. ॲप उघडल्यावरच आली, तर फोन त्या ॲपला मागे चालू देत नाही किंवा एखादी परवानगी अडते आहे. ॲप उघडूनही आली नाही, तर पेअरिंग बिघडलं आहे, नाहीतर घड्याळ दुसऱ्याच कुठल्या फोनला जोडून बसलं आहे.

नानांच्या वहीत पहिल्या दिवशी हे होतं. पहाटे ५:१५, फोन उशाशी, घड्याळ हातात, तरी तुटलेलं. पिन टाकूनही आलं नाही, ॲप उघडल्यावर आलं. सकाळी ७, नाना गोठ्यात, फोन माजघरात; घरात आल्यावर आपोआप आलं. दुपारी १:२०, खाटेवर आडवे, फोन बंडीच्या खिशात. ॲप उघडल्यावर आलं. रात्री ८, ओट्यावर बसलेले, फोन आत धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर. फोन बाहेर आणल्यावर आपोआप आलं. दुसऱ्या दिवशीची पहाट पहिल्या दिवसासारखीच गेली. म्हणजे तक्रार एक आणि कारणं तीन. आधीच्या दोघांनी काम नीट केलं होतं, पण ते या तिन्हींपैकी एकाही कारणासाठी नव्हतं.

अंतर: पावलं किती, यापेक्षा मध्ये काय आहे

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. घरातलं बरंचसं वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात आहेत. या लहरींना पाणी शोषून घेतं आणि धातू परतवून लावतो. एवढं लक्षात ठेवलं की आपल्याकडची निम्मी कोडी सुटतात.

पहिला आडोसा आपलंच शरीर, कारण त्यात बहुतेक पाणीच असतं. फोन पॅन्टच्या उजव्या मागच्या खिशात आणि घड्याळ डाव्या मनगटावर असेल, तर लहरींना अंगाला वळसा घालून किंवा भिंती-जमिनीवर आपटून जावं लागतं. घरात भिंती असतात, म्हणून जमून जातं. उघड्या शेतात परतवायला काही नसतं, म्हणून कधीकधी खिशातल्या फोनशीही जोडणी लटपटते. फोन घड्याळाच्या बाजूच्याच पुढच्या खिशात ठेवला की हा त्रास लगेच कमी होतो. केळीच्या बागेतही तसंच. खांब आणि पानं पाण्याने भरलेली असतात, त्यामुळे कापसाच्या मोकळ्या शेतात जेवढं अंतर मिळतं तेवढं केळीच्या ओळीत मिळत नाही.

दुसरा आडोसा घराचा. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती हात-दीड हात रुंद असतात. अशा दोन भिंती मध्ये आल्या की दहा पावलांवरही तुटतं, आणि पावसाळ्यात ओल धरल्यावर आणखी लवकर तुटतं. पत्र्याची खोली, लोखंडी कपाट, धान्याची कोठी यांच्या मागे ठेवलेला फोन घड्याळाच्या दृष्टीने जवळपास झाकलेला असतो. नानांचा फोन कोठीवर होता आणि ओट्याच्या बाजूला कोठीची उंच कड येत होती. फोन तिथून उचलून खिडकीच्या देवळीत ठेवला, तेवढ्याने ओट्यावरची अडचण गेली.

आता अंतर मोजायचं कसं. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर फोन ठेवा. लोखंडी खाट किंवा मोटारसायकलची सीट नको. घड्याळ हातात घालून फोनकडे तोंड करा आणि मागे मागे सरका. दर पाच पावलांवर थांबून पूर्ण अर्धा मिनिट उभे राहा. हा अर्धा मिनिट महत्त्वाचा आहे. समोरून उत्तर येणं बंद झालं की घड्याळ लगेच ‘तुटलं’ म्हणत नाही. ते ठरलेला वेळ वाट बघतं आणि मग सांगतं. ब्लूटूथच्या नियमांत ही वाट कमाल ३२ सेकंदांची असू शकते. बहुतेक घड्याळांत ती काही सेकंदांचीच असते. भराभर चालत गेलात तर जोडणी प्रत्यक्षात आठव्या पावलाला गेलेली असते आणि थरथर होते विसाव्या पावलाला. मग तुम्ही समजता की वीस पावलं मिळतात.

एकदा तोंड फोनकडे करून मोजा आणि दुसऱ्यांदा पाठ करून, हात पोटाशी धरून. मोकळ्यात तोंड करून दहा मीटर, म्हणजे साधारण बारा-पंधरा पावलं, सहज मिळायला हवीत. पाठ केल्यावर बरीच कमी मिळाली तरी काळजी नको. मात्र तोंड करूनही चार-पाच पावलांतच तुटत असेल, तर फोनचं कव्हर काढून पुन्हा बघा, विशेषतः त्यात गाडीच्या स्टँडसाठी चिकटवलेली लोखंडी पट्टी असेल तर. तरीही तेच झालं, तर त्याच घड्याळाला दुसरा फोन जोडून एकदा मोजा. दोन्ही फोनशी अंतर कमीच आलं तर दोष घड्याळाच्या अँटेनात आहे. तो सेटिंगने सुटत नाही, घड्याळ वॉरंटीत द्यावं.

परत जोडलं जाण्याबद्दलही थोडं. तुम्ही फोनजवळ आलात की जोडणी त्या क्षणी येत नाही. फोन बॅटरी वाचवायला मधूनमधूनच कान देऊन ऐकतो की घड्याळ हाक मारतंय का. त्यामुळे काही सेकंदांपासून एक-दोन मिनिटांपर्यंत वेळ जातो. ॲप उघडलं तर बहुतेक ॲप मधूनमधून ऐकण्याऐवजी सलग प्रयत्न करतात, म्हणून ते लवकर जोडलं जातं. म्हणूनच टिपणी करताना आधी थांबायला सांगितलं. नाहीतर अंतराची अडचण परवानगीची वाटते.

फोन रिस्टार्ट झाल्यावर

यावर मी जरा जास्त लिहितो, कारण हे कोणी समजावून सांगत नाही.

अँड्रॉइड फोन बंद होऊन चालू झाला की त्यातला तुमचा डेटा कुलूपबंद असतो. पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड टाकेपर्यंत ते कुलूप उघडत नाही. रिस्टार्टनंतर पहिल्यांदा बोट लावून चालत नाही, फोन पिनच मागतो, ते याचमुळे. या अवस्थेत फोन चालू दिसतो, घड्याळाची वेळ दिसते, ब्लूटूथही चालू असू शकतं, फोनही येतो. पण बहुतेक ॲप सुरूच झालेली नसतात. अलार्मसारखी काही मोजकी ॲप तेवढी या अवस्थेत चालतात. घड्याळाचं ॲप त्यांत सहसा नसतं. म्हणजे घड्याळ हाक मारतं आणि उत्तर द्यायला फोनमध्ये कोणी जागं नसतं.

तुम्ही पिन टाकला की फोन सगळ्या ॲपना कळवतो, ‘फोन सुरू झाला आहे’. हे कळल्यावर घड्याळाचं ॲप स्वतःहून उठतं आणि जोडणी करतं. याला एक ते तीन मिनिटं लागू शकतात, कारण त्याच वेळी बाकीची ॲपही उठत असतात. म्हणून रिस्टार्टनंतर लॉक उघडा, फोन खाली ठेवा आणि तीन मिनिटं थांबा. तरी जोडलं गेलं नाही, तर ते ॲप स्वतःहून उठूच शकत नाही असं समजा. ती गोष्ट परवानगीची आहे, तिच्याकडे पुढे येतो.

फोन आपल्याला न कळत रिस्टार्ट होतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. रात्री सिस्टीमचा अपडेट बसला की होतो. काही फोनमध्ये ठरलेल्या वेळी आपोआप रिस्टार्ट व्हायची सोय असते, काहींत ठरलेल्या वेळी बंद आणि चालू व्हायची. बॅटरी जुनी असेल तर वीस टक्के दाखवत असतानाच फोन बंद पडतो आणि चार्जरला लावल्यावर चालू होतो. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, ट्रॅक्टरच्या सीटवर किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवलेला फोन तापून बंद पडणं काही नवं नाही. कारण कोणतंही असो, चालू झाल्यावर फोन पिनची वाट बघत बसतो आणि घड्याळ तुटलेलं राहतं.

खात्री करायची तर सेटिंगमध्ये `About phone` खाली, बऱ्याच फोनांत `Status` मध्ये, `Up time` बघा. फोन किती तास सलग चालू आहे ते तिथे दिसतं. सकाळी सहाला तिथे ‘१ तास’ दिसलं, तर फोन पहाटे पाचच्या सुमाराला चालू झालेला आहे.

नानांच्या फोनमध्ये नेमकं हेच निघालं. मुलाने बॅटरी वाचावी म्हणून `Scheduled power on/off` मध्ये रात्री अकराला बंद आणि पहाटे पाचला चालू असं लावून दिलं होतं. नाना पाचला उठून घड्याळ बघत तेव्हा फोन नुकताच चालू झालेला असे, पिनशिवाय. मुलगी ड्यूटीला निघण्याआधी पहाटेच फोन करायची. फोन वाजायचा, घड्याळ गप्प राहायचं.

एक गोष्ट इथेच सांगतो. ‘रिस्टार्ट केलं की बरं होतं, संध्याकाळपर्यंत पुन्हा बिघडतं’ असं तुमच्याकडे होत असेल, तर रिस्टार्टने काही दुरुस्त केलेलं नाही. त्याने ॲप नव्याने उठवलं, एवढंच. संध्याकाळपर्यंत फोनने ते पुन्हा झोपवलं. हे लक्षण पुढच्या भागाचं आहे.

परवानग्या: कोणती जोडणी तोडते आणि कोणती नाही

ॲप बसवताना एकामागून एक प्रश्न येतात आणि आपण काहींना हो, काहींना नाही म्हणत जातो. त्यातल्या सगळ्यांचा जोडणीशी संबंध नसतो, म्हणून वेगवेगळ्या करून बघू.

अँड्रॉइड १२ आणि त्यापुढच्या फोनमध्ये जोडणीची खरी परवानगी `Nearby devices` नावाने दिसते. ही नसेल तर ॲपला ब्लूटूथवरून घड्याळाशी बोलताच येत नाही. सेटिंगमध्ये `Apps`, त्यात घड्याळाचं ॲप, त्यात `Permissions` असं जाऊन ती दिलेली आहे का बघा. चुकून काढली गेली तर फोन ते ॲप तिथल्या तिथे बंद करतो, म्हणजे जोडणीही त्याच क्षणी जाते.

अँड्रॉइड ११ आणि त्याआधीच्या फोनांत ही परवानगी वेगळी नव्हती. आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायला `Location` लागायची, आणि वरच्या पट्टीतलं लोकेशनचं बटणही चालू असावं लागायचं. लोक विचारतात, घड्याळाला माझा पत्ता कशाला हवा? प्रश्न योग्य आहे. आसपास कोणती उपकरणं आहेत यावरून माणूस कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो, म्हणून त्या काळात दोन्ही एकाच परवानगीत बांधलेलं होतं. अँड्रॉइड १० आणि ११ मध्ये इथे आणखी एक खोच आहे. `Allow only while using the app` निवडलं असेल, तर दर वेळी नव्याने शोध घेऊन जोडणारी ॲप पडद्यावर उघडी असतानाच घड्याळ शोधू शकतात. फोन खिशात गेला की शोध थांबतो. अशा फोनवर `Allow all the time` द्या. नव्या फोनवर तीच परवानगी बहुतेकदा हवामान किंवा चालण्याचा नकाशा दाखवायला मागितली जाते. ती नाकारून बघा. जोडणी टिकली तर नाकारलेलीच ठेवा.

`Notification access` चा जोडणीशी संबंध नाही. ती नसेल तर घड्याळ ‘जोडलेलं’ दाखवतं आणि मेसेज मात्र येत नाहीत. पुष्कळ जण याला ‘डिस्कनेक्ट’ म्हणूनच सांगतात. तुमचं घड्याळ पावलं आणि वेळ बरोबर घेतंय, फक्त मेसेज येत नाहीत, तर अंतर मोजत बसू नका, थेट ही परवानगी बघा.

आता खरी मेख. परवानगी सगळी दिलेली असते, तरी फोन बॅटरी वाचवायला ॲप मागे चालू देत नाही. याच्या दोन चाव्या आहेत. पहिली बॅटरीची: ॲपच्या माहितीत `Battery` किंवा `App battery usage` मध्ये जाऊन `Unrestricted` निवडा. काही फोनांत तिथेच `No restrictions` असं दिसतं. दुसरी `Autostart`. ही सगळ्या फोनांत नसते, पण आपल्याकडे खपणाऱ्या अनेक फोनांत असते आणि नव्याने बसवलेल्या बहुतेक ॲपसाठी ती बंदच असते. ती बंद असेल तर रिस्टार्टनंतर पिन टाकूनही ॲप उठत नाही. नानांच्या पहाटेच्या नोंदीत ‘पिन टाकूनही आलं नाही’ होतं, ते याचमुळे. दुपारी १:२० ला खिशात फोन असून तुटलं, ते बॅटरीच्या चावीमुळे. तासभर पडदा बंद राहिला आणि फोनने ॲप झोपवलं.

या दोन्ही चाव्या लावल्यावरही एक सवय सोडावी लागते. अलीकडे उघडलेल्या ॲपची यादी काढून सगळी ॲप झटकून टाकायची पुष्कळांना सवय असते, फोन ‘हलका’ व्हावा म्हणून. काही फोन असं झटकलेलं ॲप पूर्ण थांबवतात, आणि तुम्ही पुन्हा उघडेपर्यंत ते उठत नाही. त्या यादीत घड्याळाच्या ॲपवर दाबून धरलं की बऱ्याच फोनांत कुलुपाचं चिन्ह येतं. ते लावा, म्हणजे बाकीची झटकली तरी हे राहतं. `Force stop` तर कोणत्याही फोनवर ॲपला पूर्ण झोपवतं, ते दाबू नका.

ॲपच्या माहितीत खाली कुठेतरी `Pause app activity if unused` किंवा `Manage app if unused` असंही एक बटण असतं. काही महिने ॲप उघडलंच नाही, तर फोन त्याच्या परवानग्या आपोआप काढून घेऊ शकतो. घड्याळाचं ॲप माणूस सहसा उघडत नाही, ते मागे चालतं, म्हणून हे बटण बंद करून ठेवा. ‘सहा महिने नीट चाललं आणि अचानक गेलं’ अशा तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच बघतो.

आयफोनवाल्यांसाठी दोन गोष्टी. दुसऱ्या कंपनीचं घड्याळ असेल आणि तुम्ही त्याचं ॲप वर सरकवून बंद केलं, तर आयफोन ते मागच्या मागे पुन्हा उठवत नाही. तुम्हालाच उघडावं लागतं. आणि वरच्या कोपऱ्यातून ओढून ब्लूटूथचं बटण दाबलं, तर ब्लूटूथ पूर्ण बंद होत नाही, पण अशी घड्याळं दुसऱ्या दिवसापर्यंत तुटलेली राहतात.

ॲप उघडूनही जोडलं जात नाही तेव्हा

आधी घरातले बाकीचे फोन बघा. घड्याळ एका वेळी बहुधा एकाच फोनशी जोडलं जातं. जुना फोन नातवाला दिला, त्यात ॲप आणि पेअरिंग तसंच राहिलं, की तुमचा फोन थोडा लांब गेल्याबरोबर घड्याळ त्या जुन्या फोनला जाऊन जोडलं जातं. मग ते हाक मारायचंच थांबतं आणि तुमच्या फोनला कितीही शोधलं तरी दिसत नाही. घरातल्या बाकी सगळ्या फोनांचं ब्लूटूथ पाच मिनिटं बंद करून बघा. तेवढ्यात जोडलं गेलं तर चोर सापडला. त्या फोनमधून ॲप आणि पेअरिंग दोन्ही काढा.

दुसरं, फोनवर बोलता येणारं घड्याळ असेल तर त्याच्या सहसा दोन जोडण्या असतात. एक बोलण्यासाठी, ती फोनच्या ब्लूटूथ यादीत दिसते. दुसरी पावलं, मेसेज आणि बाकी माहितीसाठी, ती ॲप स्वतः सांभाळतं. त्यामुळे फोनच्या यादीत ‘जोडलेलं’ आणि ॲपमध्ये ‘तुटलेलं’ असं एकाच वेळी दिसू शकतं आणि दोन्ही खरं असतं. कोणती जोडणी गेली आहे ते ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे सगळं बघून झाल्यावरच नव्याने पेअर करा, आणि क्रम पाळा. ॲप जोडलं जात असेल तर आधी एकदा सिंक करून घड्याळातली माहिती फोनमध्ये आणा. मग ॲपमधून घड्याळ काढा. मग फोनच्या ब्लूटूथ यादीत जाऊन त्या घड्याळाची जेवढी नावं दिसतील तेवढी `Forget` करा. फोन रिस्टार्ट करून पिन टाका. घड्याळाच्या सेटिंगमधून त्याला रिसेट करा. मग फोनच्या यादीतून नाही, तर ॲपमधूनच जोडा. दोन्हीकडचं पुसणं गरजेचं आहे, कारण पेअर करताना फोन आणि घड्याळ एकमेकांची गुप्त किल्ली जपून ठेवतात. एकाने किल्ली टाकून दिली आणि दुसऱ्याने जुनीच धरून ठेवली, तर दोघं भेटतात आणि लगेच तुटतात.

नानांच्या घड्याळाचं पुढे काय झालं

मी एका वेळी एकच बदल केला आणि दर बदलानंतर एक दिवस वही लिहून घेतली. पहिल्या दिवशी फक्त बॅटरीची चावी `No restrictions` वर नेली. दुपारचं तुटणं थांबलं, पहाटेचं राहिलं. दुसऱ्या दिवशी `Autostart` चालू केलं. पहाटे घड्याळ तुटलेलंच होतं, पण नानांनी पिन टाकल्यावर ॲप न उघडता दोन मिनिटांत आलं. तिसऱ्या दिवशी रात्री बंद व्हायची वेळ काढून टाकली आणि फोन रात्रभर चालू ठेवला. पहाटे पाचला घड्याळ जोडलेलं होतं. मुलीचा फोन आला तेव्हा नाना अंगणात दात घासत होते, मनगट थरथरलं आणि त्यांनी आत जाऊन उचलला. रिसेट एकदाही करावं लागलं नाही.

गोठ्यातलं मात्र सुटलं नाही. माजघर ते गोठा बावीस पावलं, मध्ये मातीच्या दोन भिंती आणि वर पत्रा. तिथे घड्याळ अजूनही तुटतं आणि कोणत्याही सेटिंगने ते जोडलेलं राहणार नाही. नाना आता गोठ्यात जाताना फोन बंडीच्या डाव्या खिशात घेतात, घड्याळ ज्या हाताला आहे त्या बाजूला.